ऑलरेडी म्हणजे कधी?

दर जूनमध्ये दहावीच्या नव्या वर्गात एक तरी वही अशी असते, जिच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून एक छापील तक्ता चिकटवलेला असतो. डाव्या रकान्यात येस्टर्डे, अगो, लास्ट वीक, इन २०१०. त्यांच्यासमोर सिंपल पास्ट. उजव्या रकान्यात ऑलरेडी, जस्ट, येट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर. त्यांच्यासमोर प्रेझेंट परफेक्ट. खाली लाल अक्षरांत सूचना: शब्द शोधा, काळ भरा, वाक्य वाचत बसू नका.

असे तक्ते छापणाऱ्या एका क्लासच्या सरांशी माझी एका लग्नाच्या पंगतीत गाठ पडली आणि जिलबी येईपर्यंत आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, "मॅडम, मुलाला व्याकरणाचा पंडित व्हायचं नाहीये. गाळलेली जागा भरून एक मार्क घ्यायचा आहे. पेपर काढणारा येस्टर्डे टाकतो तो खूण म्हणूनच, ऑलरेडी टाकतो तोही खूण म्हणूनच. खूण ओळखली की काम झालं. दहातल्या आठ प्रश्नांना तक्ता लागू पडतो. तुम्ही अर्थ समजावत बसा, आमची मुलं तोवर पुढच्या प्रश्नावर गेलेली असतात."

माझा आक्षेप खुणा ओळखण्यावर नाही. वाक्यातला काळदर्शक शब्द बघायलाच हवा, तो न बघता उत्तर देणारा मुलगा अंदाजपंचे दाहोदरसे करतो. माझा आक्षेप असा आहे की येस्टर्डे आणि ऑलरेडी हे दोन शब्द एका जातीचे नाहीत आणि तक्ता त्यांना समोरासमोरच्या रकान्यांत जुळ्या भावांसारखे बसवतो. एक शब्द काळ ठरवतो. दुसऱ्याला काळाशी जवळजवळ काही देणंघेणं नाही. हा फरक कळला की उरलेला तक्ता पाठ करावा लागत नाही. हा फरक कळला नाही तर पाठ केलेला तक्ताच दगा देतो, आणि तोही नेमका त्या दोन प्रश्नांत, जिथे पेपर काढणाऱ्याने थोडं डोकं चालवलेलं असतं.

फरक दाखवायला इंग्रजी लागतच नाही. कुणाला विचारा, "कधी जेवलास?" तो म्हणाला "काल", तर प्रश्नाचं उत्तर मिळालं. तो म्हणाला "ऑलरेडी", तर आपण त्याच्या तोंडाकडे बघू. ऑलरेडी हे "कधी?" या प्रश्नाचं उत्तरच नाही. "तू समजतोस त्याच्या आधीच झालंय" एवढंच तो शब्द सांगतो. आपल्या "आधीच" किंवा "केव्हाच" मध्ये जो सूर आहे, तोच. ऑलरेडी बोलणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल बोलतो, घड्याळाबद्दल नाही. येस्टर्डे मात्र दिवसावर बोट ठेवतो.

आता इंग्रजीचा नियम काय, तर एवढाच: क्रियापदाला "कधी?" असा प्रश्न विचारल्यावर वाक्यातूनच जर आजच्या क्षणापासून तुटलेल्या, संपून गेलेल्या वेळेचं नाव उत्तर म्हणून मिळत असेल, तर प्रेझेंट परफेक्ट चालत नाही; सिंपल पास्टच घ्यावा लागतो. "आय सॉ हिम येस्टर्डे." "आय हॅव सीन हिम येस्टर्डे" हे चूक. (इंग्रजी वाक्यं मी इथे नागरीत लिहिते आहे. फळ्यावर ती रोमन लिपीत असतात, पण चूक पकडायची ती कानानेच.) म्हणजे डावा रकाना बऱ्याच अंशी खरा आहे, हे मी त्या सरांना देऊन टाकते. फक्त तोही "शब्द दिसला की" असा चालत नाही. शब्द कुणाला चिकटलाय ते पाहावं लागतं.

हे वाक्य घ्या: "आय ___ (नॉट ईट) सिन्स येस्टर्डे." येस्टर्डे ढळढळीत दिसतो आहे. तक्तावाला मुलगा "डिड नॉट ईट" लिहून मोकळा होतो. पण इथे येस्टर्डे "कधी?" चं उत्तर नाही, "कधीपासून?" चं उत्तर आहे. कालपासून आत्तापर्यंत सलग उपास चालू आहे, आणि ती वेळ आजच्या क्षणाला येऊन भिडते. म्हणून "हॅव नॉट ईटन". किंवा हे: "आय ___ ऑलरेडी ___ (रीड) येस्टर्डेज पेपर." यात येस्टर्डे वाचण्याला लागलेला नाही, पेपरला लागलेला आहे. "कोणता पेपर?" कालचा. वाचला कधी, ते वाक्य सांगतच नाही. आज सकाळी चहाबरोबर वाचला असेल. इथेही "हॅव रेड". एकच शब्द, तीन वाक्यं, तीन वेगळे प्रश्न: कधी, कधीपासून, कोणता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असेल तेव्हाच तो काळावर हुकूम चालवतो.

आता ऑलरेडीकडे येऊ. तक्त्याचा खरा घोटाळा इथे आहे.

हा प्रश्न तर ठरलेला असतो: "द ट्रेन ___ ऑलरेडी ___ (लीव्ह) व्हेन वुई रीच्ड द स्टेशन." दरवर्षी निम्मा वर्ग "हॅज ऑलरेडी लेफ्ट" लिहितो. त्यांची चूक नाही. पुठ्ठ्यावर तसंच छापलंय. पण इथे "आधीच" म्हणजे कशाच्या आधी? आत्ताच्या आधी नव्हे, आपण स्टेशनवर पोचलो त्याच्या आधी. तो क्षण भूतकाळातला, तेव्हा त्याच्याही मागे जायला "हॅड लेफ्ट". ऑलरेडी दोन्हीकडे तोच आहे. काळ ठरवला तो "व्हेन वुई रीच्ड" ने. ऑलरेडी नुसता आला आणि बाजूला बसला.

तो सिंपल पास्टच्या शेजारीही बसतो, आणि तेही अस्सल ब्रिटिश इंग्रजीत. "व्हेन आय टोल्ड हर, शी ऑलरेडी न्यू." मी सांगितलं तेव्हा तिला आधीच माहीत होतं. "ही वॉज ऑलरेडी अस्लीप अ‍ॅट नाइन." वर्तमानकाळाच्या शेजारीही बसतो: "इट इज ऑलरेडी टेन ओक्लॉक." ज्याच्या-त्याच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या पाहुण्याला कुणी घरचा कर्ता म्हणत नाही.

मग ऑलरेडी आणि परफेक्ट यांची जोडी इतकी पक्की का वाटते? कारण सरळ आहे. "तू म्हणतोस ते काम आधीच झालंय" असं आपण बहुतेक वेळा आत्ताच्या परिस्थितीबद्दल बोलत असतो. आई म्हणते जेवून घे, मुलगा म्हणतो "आय हॅव ऑलरेडी ईटन". त्याला जेवण केव्हा झालं ते सांगायचं नाही, आता पोटात जागा नाही हे सांगायचंय. या वापरात परफेक्ट येतो तो त्या अर्थामुळे, आणि ऑलरेडीही येतो तो त्याच अर्थामुळे. एकाच गाडीने आलेले दोन प्रवासी एकमेकांचे नातेवाईक आहेत असं तक्त्याने धरलं आहे.

त्यातून अमेरिकन माणूस इथेही परफेक्ट घेईलच असं नाही. "डिड यू ईट ऑलरेडी?" "आय ऑलरेडी एट." तिकडे हे रोजचं, निर्दोष बोलणं आहे. माझ्या वर्गातली मुलं हल्ली अमेरिकन मालिका बघतात आणि कानावर पडलेलं उत्तरपत्रिकेत उतरवतात. मी त्यांना सांगते की आपल्या परीक्षा ब्रिटिश वळणाच्या, तिथे पर्यायांत "एट" आणि "हॅव ईटन" दोन्ही असले आणि वाक्यात ऑलरेडीशिवाय दुसरी काही खूण नसली, तर "हॅव ईटन" घ्या. पण "आय ऑलरेडी एट" वर लाल पेनाने "चूक इंग्रजी" असं मी लिहीत नाही. ते इंग्रजी चूक नाही. या परीक्षेत ते मागितलेलं नाही, इतकंच. "आय हॅव ईटन येस्टर्डे" मात्र लंडनमध्येही चूक आणि न्यूयॉर्कमध्येही चूक. दोन रकान्यांतला फरक यातूनही दिसतो: एकीकडे मनाई आहे, दुसरीकडे सवय.

उजव्या रकान्यातला आणखी एकच शब्द घेते, सिन्स. कारण त्याच्यावर तक्ता सगळ्यात निर्धास्त असतो. "आय ___ (नो) हिम सिन्स वुई ___ (बी) इन स्कूल." जागा दोन, सिन्स एक. तक्ता हातात असलेली मुलं दोन्हीकडे परफेक्ट भरतात: "हॅव नोन", "हॅव बीन". पहिलं बरोबर आहे, कारण ओळख तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे. पण सिन्सच्या पुढे जे येतं ते म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी, जिथून दोरी मोजायला सुरुवात होते. आम्ही शाळेत होतो ते दिवस संपले. तिथे "वेअर". दोरी परफेक्ट, खुंटी पास्ट. असं म्हटल्यावर मुलं हसतात, पण पुन्हा चुकत नाहीत. तक्त्यात दोरी आणि खुंटी या दोघांना मिळून एकच ओळ आहे.

तक्ता नको म्हणणारे काही जण दुसरा उपाय सांगतात आणि तो मला तक्त्याइतकाच धोक्याचा वाटतो. वाक्याचं मराठी करा. शेवटी "आहे" आलं तर परफेक्ट, नाही आलं तर सिंपल पास्ट. मराठी व्याकरणात "मी आंबा खाल्ला आहे" याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, इंग्रजीतही नाव तेच, तेव्हा हिशेब जुळला असं वाटतं. जुळत नाही.

"मी कालच पुण्याहून आलोय." या वाक्यात कुठल्याही मराठी कानाला काही खटकतं का? "काल दोनदा सांगितलंय तुला." "हा सिनेमा गेल्या वर्षीच पाहिलाय आम्ही." मराठीत "काल" आणि "आहे" गुण्यागोविंदाने नांदतात. यातूनच "आय हॅव कम फ्रॉम पुणे येस्टर्डे" आणि "व्हेन हॅव यू कम?" जन्माला येतात. "कधी आलायस?" चं ते शब्दशः रूप आहे, आणि इंग्रजीत ते चालत नाही, कारण "कधी" विचारणं म्हणजेच वेळेवर बोट ठेवायला सांगणं. "व्हेन डिड यू कम?" असंच विचारावं लागतं.

उलट दिशेनेही हीच गत. रस्त्याच्या कडेला उभं राहून आपण म्हणतो, "बस आली!" आहे-बिहे काही नाही, आणि बस तर अजून वळणावर आहे. "भूक लागली." भूक आत्ता आहे. घरातून हाक आली की "आलो, आलो" म्हणत आपण अजून चप्पलच शोधत असतो. मराठीचा साधा भूतकाळ वर्तमानात, क्वचित पुढच्या क्षणातही, बिनदिक्कत वावरतो. "भूक लागली" चं इंग्रजी "आय अ‍ॅम हंग्री", साधा वर्तमानकाळ. "आहे" वरून इंग्रजी काळ ठरवणं म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपली गाडी पकडणं. कधी मिळेल, कधी नाही.

आणि यात मराठीचं काही विचित्र आहे असं कुणी समजू नये. विचित्र आहे ती इंग्रजी. जर्मनमध्ये "हॅव" चाच सख्खा भाऊ असलेलं "हाबेन" घेऊन "मी त्याला काल पाहिलं आहे" अशी रचना लोक रोज बोलतात. फ्रेंचमध्येही तसंच. इंग्रजीत ही मनाई इतकी कडक का, यावर भाषाशास्त्रज्ञांनी बरंच डोकं खपवलं आहे. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ मध्ये या विषयावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच "कोडं" हा शब्द आहे. तेव्हा "हॅव हा वर्तमानकाळ, म्हणून त्याला काल चालत नाही" असं सोपं कारण मुलांना देऊ नये. आपला "आहे" हाही वर्तमानकाळच आहे आणि त्याला काल चालतो. हा इंग्रजीचा स्वतःचा रिवाज आहे असं सरळ सांगावं. मुलांना रिवाज कळतात. कुणाच्या घरी देवघरात चप्पल चालत नाही आणि कुणाच्या घरी स्वयंपाकघरातही चालत नाही, हे त्यांना कारण न विचारता समजलेलं असतं.

आता एक उतारा पूर्ण सोडवून दाखवते. गेल्या वर्षी चाचणीसाठी मी तो स्वतः रचला होता, तक्ता कुठे कुठे पडतो ते बघायला. सहा जागा आहेत:

"आय ___ (लूज) माय बस पास. आय ___ (हॅव) इट येस्टर्डे इव्हनिंग, बट आय ___ (नॉट सी) इट सिन्स देन. आय ___ (ऑलरेडी आस्क) द कंडक्टर. ही ___ (ऑलरेडी नो) माय नेम, बिकॉज माय ब्रदर ___ (लूज) हिज पास लास्ट मंथ."

पहिल्याच जागेवर तक्ता गप्प होतो. वाक्यात काळाची एकही खूण नाही. अर्ध्या वर्गाने तिथे "लॉस्ट" लिहिलं, कारण हरवणं म्हणजे झालेली गोष्ट. पण कधी हरवला ते वाक्य सांगत नाही आणि पुढचा सगळा मजकूर सांगतो की पास अजून सापडलेला नाही. बोलणारा आत्ताच्या अडचणीची बातमी देतो आहे. "हॅव लॉस्ट". अमेरिकन माणूस इथेही "लॉस्ट" म्हणेल, तेव्हा ज्यांनी तसं लिहिलं त्यांना मी अर्धा मार्क दिला. क्लासच्या सरांना हे ऐकवलं असतं तर पंगतीत आणखी रंग भरला असता.

दुसरी जागा सोपी. "कधी होता पास?" काल संध्याकाळी. "हॅड". तिसऱ्या जागेत "सिन्स देन": तेव्हापासून आत्तापर्यंत नजरेला पडलेला नाही. "हॅव नॉट सीन". खुंटी कालची, दोरी आजपर्यंतची. चौथी, ऑलरेडी: कंडक्टरला कधी विचारलं ते दिलेलं नाही, विचारून झालंय आणि उपयोग झालेला नाही एवढंच सांगायचंय. "हॅव ऑलरेडी आस्क्ड". इथवर तक्ताही आलाच असता.

पाचव्या जागेवर पुन्हा ऑलरेडी, आणि इथे तक्तावाली सगळी मुलं एकजात घसरली. "ही हॅज ऑलरेडी नोन माय नेम." या वाक्याला इंग्रजीत अर्थच राहत नाही. माहीत असणं ही कृती नाही, स्थिती आहे. ती "होऊन गेली" असं म्हणता येत नाही. मी विचारायला गेले तेव्हा त्याला नाव आधीच ठाऊक होतं. "ऑलरेडी न्यू". दोन मुलींनी "ऑलरेडी नोज" लिहिलं. मी थोडा वेळ विचार केला आणि पूर्ण मार्क दिले. त्याला नाव आजही ठाऊक आहे, हे म्हणायला कुणाची हरकत असणार? दोन ओळींच्या अंतरावर एकच ऑलरेडी, आणि दोन वेगळे काळ. आमच्या वादाचा निकाल खरं तर या एका जागेने लागतो.

सहाव्या जागेचा घोळ वेगळा. काही शिक्षक तक्त्याऐवजी "परिणाम अजून टिकून असेल तर परफेक्ट" असा नियम शिकवतात. तो ऐकून आलेल्या एका मुलाने तिथे "हॅज लॉस्ट" लिहिलं आणि मला येऊन म्हणाला, "मॅडम, भावाचा पासही अजून सापडला नसेल तर?" नसेलही. पण वाक्यात "लास्ट मंथ" लिहिलं आहे. वेळेचं नाव घेतलं की परिणाम टिकून असला काय नि नसला काय, सिंपल पास्टच. म्हणून पहिल्या जागेत "हॅव लॉस्ट" आणि सहाव्यात "लॉस्ट"; क्रियापद तेच, पास दोन्हीही गायब, फरक फक्त एवढा की एका ठिकाणी "कधी?" चं उत्तर छापलंय आणि दुसरीकडे नाही.

"कधी?" विचारण्याच्या माझ्या या पद्धतीलाही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. टुडे, धिस मॉर्निंग, धिस वीक हे शब्द "कधी?" चं उत्तर देतात, पण ती वेळ संपली की नाही हे वाक्यावरून कळेलच असं नाही. "आय ___ (हॅव) टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग." सकाळी दहा वाजता बोलत असाल तर "हॅव हॅड", सकाळ चालू आहे, तिसरा कप होऊ शकतो. दुपारी चारला बोलत असाल तर "हॅड", सकाळ आटोपली. प्रश्नपत्रिकेत बोलणाऱ्याच्या हातावर घड्याळ नसतं. असा प्रश्न काढणाऱ्याने एक तर "इट इज टेन इन द मॉर्निंग" असं आधीचं वाक्य द्यावं, नाही तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावीत. यांतलं काहीही न करता उत्तरसूचीत एकच उत्तर छापलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

जागेचा आकारही बोलतो, आणि याकडे पेपर काढणारे दुर्लक्ष करतात. "शी ___ ऑलरेडी ___ (गो)" अशा दोन तुकड्यांत जागा सोडली की सहायक क्रियापद हवं हे मुलाला आकारावरूनच कळतं. मग तपासलं काय, त्याचं "गॉन" की "वेंट"? तिसरं रूप पाठ आहे का, एवढंच. काळाची निवड करायला लावायची असेल तर मी वर उताऱ्यात केलं तसं ऑलरेडीला कंसात, क्रियापदाच्या शेजारी ढकलावं.

आता उरला त्या सरांचा शेवटचा मुद्दा, वेळेचा. तक्ता तीन सेकंदांत उत्तर देतो, अर्थ बघायला वेळ जातो. मी वर्गात घड्याळ लावून पाहिलंय. वाक्य एकदा संपूर्ण वाचायचं, क्रियापदाला "कधी?" विचारायचं, उत्तरादाखल संपलेल्या वेळेचं नाव मिळालं तर पास्ट, नाही तर आत्ताशी धागा आहे का बघायचा. महिनाभराच्या सरावानंतर माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना याला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. तक्ता दहातल्या आठ प्रश्नांना लागू पडतो हे ते म्हणाले तेव्हा मी मान डोलावली होती. तो लागू पडतो, कारण ते आठ प्रश्न असाच एखादा तक्ता समोर ठेवून काढलेले असतात. कुलूप आणि किल्ली एकाच कारखान्यातली असली की किल्लीचं कौतुक करायला नको.

नियम आणि खूण दोन्ही हात टेकतात असाही एक प्रश्न जुन्या सराव पुस्तिकांत सापडतो. आमच्या शाळेत गेली काही वर्षं तो फिरतो आहे: "माय अंकल ___ (लिव्ह) इन नागपूर फॉर टेन इयर्स." तक्त्यात "फॉर" समोर परफेक्ट आहे, पुस्तिकेच्या मागच्या उत्तरातही "हॅज लिव्ह्ड". पण "फॉर टेन इयर्स" हे "किती वर्षं?" चं उत्तर आहे. ती दहा वर्षं आजपर्यंत येऊन पोचतात की मध्येच कुठे संपली, ते वाक्य सांगत नाही. काका अजून नागपुरात असतील तर "हॅज लिव्ह्ड". दहा वर्षं राहून बदली झाली असेल तर "लिव्ह्ड".

गेल्या डिसेंबरच्या सराव परीक्षेत हा प्रश्न मी काढला नव्हता, पण त्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला आल्या. एकीत मुलीने जागा मोकळी सोडली होती आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "काका अजून तिथेच आहेत का?" उत्तरसूचीप्रमाणे शून्य द्यायचं होतं. मी दोन्ही उत्तरं तिच्या समासात लिहिली, पूर्ण मार्क दिला आणि गठ्ठा सूची काढणाऱ्या सहकाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी समास वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, पण फॉर आहे ना वाक्यात."